बाळाचा ‘गॉडफादर’ कोण होऊ शकतो? बाप्तिस्म्याआधी घरच्यांना काय तयारी करावी लागते?

राजकारणात किंवा सिनेमात कुणी झटपट वर गेलं की आपण सहज म्हणतो, ‘त्याचा कुणीतरी गॉडफादर असणार.’ पण हा शब्द मुळात चर्चमधला आहे. ख्रिस्ती बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आईवडिलांच्या शेजारी उभे राहतात ते गॉडफादर आणि गॉडमदर, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता. त्यांची निवड घरच्यांना वाटते तितकी सोपी नसते.

कॅथलिक चर्चमध्ये नेमकं काय होतं, ते एका उदाहरणातून पाहू.

तीन नावं, तीन अडचणी

समजा, वसईतल्या एका कॅथलिक जोडप्याला मुलगी झाली. धर्मपिता म्हणून आईला तिचा 15 वर्षांचा भाऊ हवाय. वडिलांना त्यांचा कॉलेजचा जिवलग हिंदू मित्र हवाय. धर्ममाता म्हणून गोव्यातली मावशी ठरली आहे. हॉल बुक झाला, पत्रिका छापायला गेल्या आणि मग फादरांना भेटायला गेल्यावर अडचणी समोर आल्या.

चर्चच्या नियमांनुसार धर्मपालक एक किंवा दोन असतात. दोन असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. वयाची 16 वर्षं पूर्ण हवीत, व्यक्ती कॅथलिक हवी आणि तिचा दृढीकरण संस्कार झालेला हवा. बाळाचे आईवडील स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत.

म्हणजे भाऊ वयात बसत नाही. योग्य कारण असेल तर फादर वयाची सवलत देऊ शकतात, पण त्याचं दृढीकरणही व्हायचं असेल तर ती सवलत पुरत नाही. मित्र समारंभाला येऊ शकतो, पण नोंदवहीत धर्मपिता म्हणून त्याचं नाव लागत नाही. तो प्रोटेस्टंट ख्रिस्ती असता, तर कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीला ‘साक्षीदार’ म्हणून उभा राहू शकला असता. मावशी चालेल, पण तिच्या गोव्यातल्या चर्चकडून पत्र लागू शकतं.

एवढे नियम कशासाठी?

कारण हे पद मानाचं कमी आणि जबाबदारीचं जास्त आहे. तान्हं बाळ स्वतः श्रद्धा व्यक्त करू शकत नाही. म्हणून विधीत आईवडील आणि धर्मपालक वाईटाचा त्याग करतात, श्रद्धा जाहीर करतात. बाळाला श्रद्धेत वाढवायला आईवडिलांना मदत कराल का, असं धर्मपालकांना सगळ्यांसमोर विचारलं जातं. जी श्रद्धा स्वतः पाळत नाही, ती शिकवण्याचं वचन कसं देणार, असा यामागचा विचार आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. आईवडिलांचं काही बरंवाईट झालं तर मूल आपोआप धर्मपालकांकडे जात नाही. हे नातं धार्मिक आहे, त्यातून कायदेशीर पालकत्व मिळत नाही.

घरच्यांनी आधी काय करायचं?

सगळ्यात आधी फादरांना भेटायचं, हॉल त्यानंतर. साधारणपणे बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचा चर्चमधला विवाह दाखला आणि धर्मपालकांची कागदपत्रं मागितली जातात. अनेक चर्चमध्ये आईवडील आणि धर्मपालकांना तयारीच्या वर्गालाही बसावं लागतं. धर्ममाता दुसऱ्या गावी असेल तर तारीख ठरवताना हे धरून चालायचं.

बाकी सामान मोजकंच. बाळासाठी पांढरं वस्त्र आणि एक मेणबत्ती. फादर बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतात. मग टाळूवर सुगंधी पवित्र तेल लावतात. पांढरं वस्त्र हे नव्या जीवनाचं चिन्ह. मेणबत्ती ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात आणि हे काम अनेकदा धर्मपिता करतो.

स्पेलिंग तपासा!

त्या दिवशी फोटोंच्या गडबडीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे नोंदवही. तिच्यात बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडील आणि धर्मपालकांची नावं लिहिली जातात. पुढे दृढीकरण आणि लग्न यांची नोंदही याच नोंदीसमोर होते. म्हणूनच चर्चमध्ये लग्न ठरलं की बाप्तिस्म्याचा नव्यानं काढलेला दाखला मागतात.

जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि नोंदवहीत दुसरं असेल, तर ते पंचवीस वर्षांनी, लग्नाच्या धावपळीत लक्षात येतं. नोंद त्याच दिवशी वाचून घेतली, तर हा ताप वाचतो.

मग आपल्या जोडप्यानं काय करावं? मावशी एकटी धर्ममाता असली तरी नियमानं पुरेसं आहे. धर्मपिता हवाच असेल तर दृढीकरण झालेला एखादा मोठा काका किंवा मामा निवडता येईल. आणि मित्र? तो पहिल्या बाकावर बसेल. बाळाचा लाडका काका व्हायला नोंदवहीत नाव लागत नाही.