एक डोकं, तीन प्रकारचे केस

आजचा विषय घरगुती आहे, पण त्यात एक फसवा युक्तिवाद दडलेला आहे. तो असा : डबा एक, वेळ एक, म्हणून रंगही एकसारखा येणार. यात आपण धरून चालतो की केसही एकच आहे. तो तसा नसतो.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाचं टोक सुमारे अडीच वर्षांचं असतं आणि मूळ परवाचं. या काळात आठ वेळा डोकंभर रंग लावला असेल, तर टोकाने आठही थर घेतलेत, मुळाने एकही नाही.

केसाच्या वरचं आवरण कौलांसारखं एकावर एक रचलेलं असतं. अमोनिया ही कौलं उचलतो. पेरॉक्साइड केसाचा नैसर्गिक रंग थोडा फिका करतं, आणि आत शिरलेले रंगाचे छोटे रेणू जोडले जाऊन मोठे होतात, अडकून बसतात. दर खेपेला कौलं थोडी झिजतात. म्हणून टोकं सच्छिद्र होतात, रंग भराभर पितात आणि गडद, निस्तेज दिसतात. मुळाकडची कौलं घट्ट असतात. शिवाय टाळूच्या उष्णतेने तिथे मिश्रण जोरात काम करतं.

याला आणखी एक नियम जोडा : रंग आधीच्या रंगाला उतरवत नाही. काळ्या टोकांवर फिकट तपकिरी लावला, तर फक्त मुळं उजळतात आणि फरक वाढतो.

आता एक उदाहरण घेऊ. आमच्या भाचीने आधी काळा, मग बर्गंडी, मग तपकिरी असे डबे वापरले होते. मुळाशी चार सेंटिमीटर नैसर्गिक केस, त्यात पांढरे मिसळलेले. मधला भाग लालसर. शेवटचे दहा सेंटिमीटर जवळजवळ काळे. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर. ती म्हणाली, "मावशी, सगळीकडे एकदा काळाच फासू का?" तसं केलं असतं तर त्या दिवसापुरतं जमलं असतं. पण टोकांवर नववा थर चढला असता, आणि पुढे कधी तपकिरीकडे यायची वाट आणखी कठीण झाली असती. आम्ही 3 नंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंग ठरवला.

आधी परीक्षा. कोरड्या केसांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. मुळाकडे थेंब टिकले, टोकांत लगेच जिरले. मग ओलं केस हलकेच ताणून पाहिलं. ते ताणून पुन्हा जागेवर आलं. रबरासारखं लांबत राहिलं किंवा तुटलं असतं, तर तिथे रसायन नको, कात्रीच हवी.

पहिल्या टप्प्यात फक्त काळ्या टोकांना रंग उतरवणारं, ब्लीच नसलेलं रसायन लावलं. ते मोठे रेणू पुन्हा लहान करतं, आणि मग ते पाण्याने वाहून जावे लागतात. म्हणून पुड्यावर लिहिलेला धुण्याचा वेळ पूर्ण पाळायचा. घाई केली तर उरलेले रेणू हवेतल्या प्राणवायूने परत गडद होतात. टोकं नारिंगी-तपकिरी निघाली. हे बिघडणं नव्हे. मूळ रंग पेरॉक्साइडने आधीच गेलेला असतो, तो परत येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात तीन भाग, तीन वेळा. पांढऱ्या केसांसाठी मुळांना 3 नंबरचा कायम टिकणारा रंग, सहा टक्के पेरॉक्साइडसह, पुड्यावर सांगितलेला पूर्ण वेळ. मधल्या भागाला त्याच छटेचा अमोनियाविरहित रंग, सुमारे दोन टक्के पेरॉक्साइडसह, शेवटची पंधरा मिनिटं. टोकांना हाच सौम्य रंग, पण 4 नंबरचा, शेवटची पाच मिनिटं. नुकता रंग उतरवलेला केस गडद रंग पटकन धरतो, म्हणून छटा एक पायरी वर. दर दोन मिनिटांनी एक बट पुसून पाहायची, कारण इथे घड्याळापेक्षा ती बट खरी.

हे सगळं आधी कानामागच्या एका बटेवर करून पाहावं, आणि रंगाची ॲलर्जी चाचणी 48 तास आधी. काळी मेहंदी लावून कधी खाज किंवा सूज आली असेल, तर असे रंग टाळावेत. मेहंदीवर रंग उतरवणारं रसायन चालत नाही. घटक न छापलेल्या पुडीतल्या रंगात धातूचे क्षार असू शकतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापून तुटू शकतो. तिथे कापलेल्या बटेवर चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यापुढे दर खेपेला रंग फक्त नव्या वाढीवर लावायचा. टोकं फिकट दिसली तर सौम्य रंगाची पाच मिनिटं पुरतात. डोकंभर डबा ओतायची सवय सुटली, की ठिगळं पुन्हा पडत नाहीत.