बारा तास तुझे, बारा तास माझे

माझे मामा बरीच वर्षं मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी रातपाळीत चालवत. गाडी मालकाची, भाडं रोजचं आणि चालवणारे दोघे. दुसरे गृहस्थ गावाकडचेच, एकाच खोलीत राहणारे. मामा घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकत तेव्हा जोडीदार शीवच्या पुढे पोचलेला असे. ‘तास सारखे वाटता येतात, धंदा वाटता येत नाही,’ असं मामा म्हणत. त्याचा अर्थ मला पुढे हिशेब मांडल्यावर कळला.

अशा जोडीत सगळ्यात आधी ठरते ती बदलीची वेळ, आणि बहुतेकदा ती सहाची असते. सकाळची ऑफिसची गर्दी दिवसवाल्याला मिळते, संध्याकाळची रातवाल्याला. बदली रात्री नऊला ठेवली तर दोन्ही गर्द्या एकाच्याच पदरात पडतील. न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींची पाळीही याच कारणाने संध्याकाळी पाचच्या सुमारास बदलत असे. तिथे ऐन गर्दीत रिकामी टॅक्सी मिळेना, म्हणून प्रवासी वैतागत. आपल्याकडेही संध्याकाळी ‘गाडी जमा करायचीय’ असं सांगून भाडं नाकारणारा चालक भेटतो. नाकारणं चुकीचंच, पण त्याची अडचण खरी असते. साडेपाचला दहिसरचं भाडं घेतलं तर दादरला सहाला पोचणं अशक्य. उशिराची किंमतही दोन्ही वेळा सारखी नसते. सकाळचा अर्धा तास परवडतो, संध्याकाळचा अर्धा तास म्हणजे रातवाल्याची दोन चांगली भाडी.

तरीही दोन पाळ्यांची कमाई जुळत नाही. रात्री बारा ते पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा मिळतात, पण त्याच तासांत गाडी रिकामी फिरते किंवा स्टँडवर उभी असते.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. दिवसा 2,000 रुपयांचा धंदा आणि 480 रुपयांचा सीएनजी, म्हणजे हातात 1,520. रात्री 1,700 चा धंदा, 400 चा गॅस, हातात 1,300. मालकाचं भाडं 1,200. ते निम्मंनिम्मं भरलं तर दिवसवाल्याला 920 उरतात आणि रातवाल्याला 700. महिन्याला सहा-साडेसहा हजारांचा फरक पडतो, आणि जोडी इथेच फुटते.

यावर बहुतेक जण पाळी अदलाबदल करतात. त्यात एक पेच आहे. रविवारी पहाटे सहाला रातवाला उतरला आणि त्याच दिवसापासून त्याला दिवसपाळी दिली, तर तो सलग चोवीस तास गाडीवर. हे जीवघेणं आहे. म्हणून अदलाबदलीच्या वेळी एक पाळी गाडी उभी ठेवावीच लागते. रविवारी दिवसवाल्याने सहापर्यंत चालवायची, रात्र सोडायची आणि सोमवारी सकाळी कालच्या रातवाल्याने गाडी घ्यायची. दोघांनाही पूर्ण चोवीस तास विश्रांती मिळते, पण वर धरलेल्या आकड्यांप्रमाणे प्रत्येक वेळी 1,300 रुपये बुडतात. दर आठवड्याला हे करणं महाग पडतं. शिवाय दिवसा झोपायची सवय लागते न लागते तोच पाळी पालटते. महिन्यातून एकदा अदलाबदल पुष्कळ झाली.

मला दुसरा मार्ग अधिक पटतो. भाडंच असमान भरायचं, दिवसवाल्याने 710 आणि रातवाल्याने 490. मग दोघांनाही 810 उरतात आणि गाडी एकही पाळी उभी राहत नाही. दोघांनी एकमेकांना खरा धंदा सांगितला तरच हे जमतं. रोजच्या रोज भांडण नको म्हणून पंधरा दिवसांच्या सरासरीवर भाडं ठरवावं.

मामांच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही असे. बदलीच्या वेळी तारीख, वेळ, किलोमीटर आणि किती किलो गॅस भरला एवढंच लिहायचं. ‘टाकी फुल करून दे’ हा करार सीएनजीला पुरत नाही. पंपावर प्रेशर कमी असलं तर टाकी भरल्यासारखी वाटते, पण आत गॅस कमी बसतो, आणि पुढचा माणूस मध्यरात्री पुन्हा रांगेत उभा राहतो. किलो लिहिले की वाद मिटतो.

नवीन ओरखडा किंवा हवा कमी असलेली स्टेपनीही उजेडात दोघांनी मिळून बघून लिहायची. आणि ई-चलान तर दंड झाल्यानंतर कितीतरी दिवसांनी मालकाच्या मोबाइलवर येतं. त्यावर वेळ छापलेली असते, 18:10. त्या दिवशी गाडी सहाला बदलली की सव्वासहाला, हे कोणाला आठवणार? वहीत ते पान असतं.