हमीभावाची तूर, गोदामाचा भार

२०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. चढा भाव आणि वाढीव हमीभाव पाहून पुढच्या खरिपात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली. पाऊसही चांगला झाला आणि उत्पादन सुमारे २० लाख टनांवर गेलं. बाजारातला भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. मग सगळा माल खरेदी केंद्रांकडे वळला. तिथे बारदाना संपला, शेतकरी रांगेत दिवस काढू लागले.

खरेदीनंतर खरा खर्च सुरू होतो. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० किलो डाळ निघते. म्हणजे नुसत्या तुरीचेच किलोला ७२ रुपये पडले. त्यावर भरडाई, वाहतूक, गोदामभाडं, व्याज. भुंगा लागला की घट वेगळीच. बाजार पडलेला, त्यामुळे विकलं तर तोटा, ठेवलं तर भाडं. अखेर २०१८ मध्ये राज्याने रेशनवर ही डाळ ३५ रुपये किलोने विकली. उरलेला फरक सरकारी तिजोरीतून गेला.

शेतकऱ्याला आधार हवाच. पण पेरणीआधी जाहीर झालेला भाव मागणी किती आहे ते सांगत नाही, आणि पीक हाती येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.