400 पानांच्या मुलाखती आणि एक निष्कर्ष प्रकरण : कोड, थीम आणि अवतरणं

मुलाखती झाल्या, ऐकून ऐकून ट्रान्सक्रिप्ट टाईप झालं. तासाभराच्या मुलाखतीची साधारण 20 पानं धरली तर 20 मुलाखतींची 400 पानं होतात. निष्कर्षांच्या प्रकरणात मात्र तुमच्याकडे 30-40 पानं असतात. मग काय ठेवायचं, काय सोडायचं आणि ते कसं ठरवायचं?

या कामाला थिमॅटिक ॲनालिसिस म्हणतात. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 मध्ये त्याचे सहा टप्पे मांडले. ते टप्पे बऱ्याच जणांना पाठ असतात, पण गाडी अडते ती कोडवरून थीमकडे जाताना. म्हणून आज तेवढ्यावरच बोलू.

उदाहरणासाठी बजाजनगर घेऊ. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे कारखाने आले आणि कामगारांची ही वसाहत वाढत गेली. समजा तुमचा संशोधन प्रश्न असा आहे : इथे खोली करून राहणारे कंत्राटी कामगार ‘इथंच राहायचं की गावी परतायचं’ हे कसं ठरवतात? (खालचा उतारा आणि त्यापुढचं विश्लेषण पद्धत समजावी म्हणून मी रचलेलं आहे, कुणाच्या खऱ्या मुलाखतीतलं नाही.)

“रूम केली तेव्हा वाटलं दोन वर्षं काढू. आता सातवं वर्षं चालूय. सात महिन्याला ब्रेक देतात, मग दुसऱ्या ठेकेदाराकडं लागायचं. पत्ता तोच, गेटपास नवा. मतदान अजून गावाकडंच. बायको म्हणते पोरीचं नाव इथल्या शाळेत टाकू. मी म्हणतो थांब, पर्मनंटचं काही झालं तर बघू.”

कोड : विषय नको, म्हणणं लिहा

पहिल्यांदा कोडिंग करणारे बहुतेक जण समासात ‘घर’, ‘नोकरी’, ‘शिक्षण’ असं लिहितात. ही विषयांची नावं झाली. महिन्याभराने ‘शिक्षण’ हा कोड वाचला तर तो माणूस शिक्षणाबद्दल काय म्हणाला ते कळत नाही, पुन्हा पान उघडावं लागतं.

त्याऐवजी असं लिहून बघा :

- तात्पुरतं म्हणून आलो, वर्षं वाढत गेली
- पत्ता तोच, गेटपास नवा
- कागदोपत्री अजून गावातच
- मुलीची शाळा पर्मनंट होण्यावर अडकलेली

दुसरा कोड सहभागी व्यक्तीच्याच शब्दांत आहे. त्याला इन व्हिवो कोड म्हणतात. असा नेमका शब्द सापडला की तो तसाच ठेवा, आणि प्रबंध इंग्रजीत असला तरी कोडिंग मूळ मराठी ट्रान्सक्रिप्टवरच करा. ‘ब्रेक देतात’ याचं भाषांतर आधीच ‘कामावरून काढणं’ असं करून टाकलं, तर परत घेण्याची जी आशा त्या शब्दात आहे ती विश्लेषणाला कधी दिसणारच नाही.

सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं. एक्सेलमध्ये पाच रकाने करा : सहभागी क्रमांक, ट्रान्सक्रिप्टची ओळ, उतारा, कोड, टीप. ओळ क्रमांकाचा कंटाळा करू नका. पुढे अवतरण वापरताना त्याच्या आधी-नंतर काय बोलणं झालं होतं हे पुन्हा बघावंच लागतं.

थीम : पूर्ण वाक्यात सांगता येते का?

आता एकमेकांजवळचे कोड एकत्र आणायचे. इथे सहज तयार होतात ते ‘घराच्या अडचणी’, ‘नोकरीच्या अडचणी’, ‘कौटुंबिक अडचणी’ असे गट. हे कपाटाचे कप्पे आहेत. मुलाखतीच्या प्रश्नावलीतही हेच कप्पे होते, म्हणजे 400 पानं वाचून आपण सुरुवातीलाच परत आलो.

साधी कसोटी लावा : थीम पूर्ण वाक्यात लिहा. ‘नोकरीच्या अडचणी’चं वाक्य होत नाही. पण वरचे कोड शेजारी ठेवून बघा. शाळा, मतदान, खोली या तिन्ही गोष्टी ठेकेदाराच्या कराराशी बांधलेल्या दिसतात. मग वाक्य होतं : घराचे निर्णय गेटपासच्या मुदतीला बांधलेले आहेत. हे कुठल्याही एका प्रश्नाचं उत्तर नाही. ते घर, नोकरी आणि कुटुंब या तिन्ही कप्प्यांतून आडवं जातं. थीम बरेचदा अशीच सापडते.

जो बसत नाही, त्याला बाजूला टाकू नका

समजा क-11 हा सहभागीही कंत्राटीच आहे, त्यालाही ब्रेक मिळतो. तरी त्याने जवळच्या गावात प्लॉट घेतलाय आणि मुलं इथल्या शाळेत घातलीत. आपली थीम मोडली का?

त्याची मुलाखत पुन्हा वाचा. त्याची बायको कामगारांना डबे देते, तिची कमाई ब्रेकमध्येही चालू राहते. आता ही एक शंका घेऊन बाकीच्या 19 मुलाखतींकडे परत जा : गेटवर अवलंबून नसलेली दुसरी मिळकत कुणाकुणाच्या घरात आहे आणि त्यांनी काय ठरवलं? तसंच चित्र दिसलं तर वाक्य बदला : घरातली सगळी मिळकत गेटमधून येत असेल, तर घराचे निर्णयही गेटपासच्या मुदतीला बांधले जातात. थीम अरुंद झाली, पण पक्की झाली. व्हायव्हात ‘याला अपवाद नव्हता का?’ असं विचारलं तर उत्तर प्रकरणातच असेल. तसं चित्र नाही दिसलं, तर क-11 ला अपवाद म्हणूनच मोकळेपणाने मांडा.

अवतरण कुठलं निवडायचं?

चांगलं बोलणारा माणूस प्रत्येक अभ्यासात एखादा असतोच आणि सगळी अवतरणं त्याचीच होऊन बसतात. मसुदा झाला की मोजा. 20 पैकी चौघांच्याच तोंडचं सगळं असेल तर पुन्हा शीटकडे जा.

एका दाव्याला एक नेमकं अवतरण पुरतं. दुसरं द्यायचं तर त्याने काहीतरी वेगळं दाखवावं, जसं इथे क-11 चं. आणि अवतरणानंतर ‘यावरून कामगारांच्या अडचणी दिसतात’ असं लिहून थांबू नका. वाचकाला जे आपोआप दिसणार नाही ते सांगा. उदाहरणार्थ :

*क-4 सात वर्षं एकाच खोलीत राहतो, तरी मुक्कामाचा हिशोब तो कराराने करतो : “पत्ता तोच, गेटपास नवा.” मुलीच्या शाळेबद्दल तो ‘नको’ म्हणत नाही, ‘थांब’ म्हणतो. निर्णय नाकारलेला नाही, पुढे ढकललेला आहे, आणि तो कधी घ्यायचा हे ठरवणं त्याच्या हातात नाही.*

दावा, पुरावा आणि अर्थ तिन्ही इथे आहेत. ‘नको’ आणि ‘थांब’ मधला फरक सांगणं हे तुमचं काम. तो फरक ट्रान्सक्रिप्ट स्वतःहून सांगत नाही.

शेवटची तपासणी ओळख लपवण्याची. नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘अमुक कारखान्याच्या पेंट शॉपमधला, परभणीकडचा, 2017 पासून कामाला असलेला’ एवढं लिहिलं तर त्याचा सुपरवायझर त्याला लगेच ओळखेल, आणि ज्याचा करार दर काही महिन्यांनी नवा होतो त्याला हे महागात पडू शकतं. कारखाना, विभाग, गाव आणि वर्ष एकाच माणसाबद्दल एकत्र येऊ देऊ नका. थीमला जो तपशील लागतो तेवढाच ठेवा. इथे ‘सात वर्षं’ लागतं, ‘पेंट शॉप’ लागत नाही.