न्हाणीतून बाहेर आल्यावरची तीन मिनिटे

थंडी सुरू झाली की मुलींच्या नडग्यांवर राख फासल्यासारखा पांढुरका थर दिसतो. नखाने ओढले की रेघ उमटते. आमच्या घरी नववीतल्या लेकीचे हेच झाले. रोज आंघोळ करूनही पाय असे का, असे ती विचारायची.

तिची आंघोळ कशी चालते ते आम्ही नीट पाहिले. गिझरचे कढत पाणी, वीस मिनिटे. घासणीने अंगभर साबण. मग टॉवेलने खसाखसा पुसणे, कपडे, वेणी, नाश्ता आणि अर्ध्या तासाने क्रीम. नडगीवर तेलग्रंथी मुळात कमी असतात. कातडीचा ओलावा धरून ठेवणारी स्निग्धता गरम पाणी आणि साबण धुऊन नेतात. ओल्या त्वचेवरचे पाणी मग भराभर उडते, आणि वरच्या मृत पेशी सुटून पांढऱ्या दिसतात.

खालाने आंघोळीआधी खोबरेल लावायला सांगितले होते. तेही साबणाबरोबर नाल्यात जात होते!

मग पाणी कोमट केले, कोपर बुडवले तर चटका बसणार नाही इतके. आंघोळ दहा मिनिटांत. साबण फक्त काखा, जांघा आणि तळपाय एवढ्यालाच. हातापायांना नुसते पाणी पुरते. गुसलमध्येही पाणी सर्वांगाला पोहोचणे जरुरी आहे, साबण ही अट नाही. साबण अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून अंग ताठते. वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के किंवा अधिक असेल तर साबण पहिल्या दर्जाचा, पण तेवढ्याने तो सौम्य ठरत नाही. कोरड्या अंगाला बिनवासाची, ‘सोप-फ्री’ लिहिलेली वडी बरी. रोज जंतुनाशक साबणाची गरज नसते.

खरा फरक पडला तो वेळेने. टॉवेल नुसता टिपायचा, अंग दमट असतानाच तीन मिनिटांच्या आत लावायचे. तेल किंवा पेट्रोलियम जेली ओलावा देत नाही, आहे तो कोंडते. कोरड्या पायावर लावली तर चकाकी येते, ताण तसाच राहतो. आम्ही डबी न्हाणीच्या दाराशीच ठेवली. एका पायाला वाटाण्याएवढी जेली पुरे.

वुजूनंतरही पाय टिपून तसेच करता येते. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. पुढच्या वुजूआधी जाड थर राहिला असेल तर पुसून घ्यावा, म्हणजे पाणी कातडीला लागेल.

आठवडाभरात रेघा फिकट झाल्या, पंधरा दिवसांत गेल्या. पण लहानपणापासून माशाच्या खवल्यांसारखी कातडी असेल, रात्री झोपमोड करणारी खाज असेल, किंवा मधुमेह असलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या टाचेला भेग पडली असेल, तर जेलीवर भागवू नये. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.