क्लाउडची सुरक्षा : कोणाची जबाबदारी कुठवर?

क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतला की त्याच्या सुरक्षेचे काम पुरवठादार आणि ग्राहक या दोघांत वाटले जाते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही वाटणी एका वाक्यात सांगते : क्लाउडची सुरक्षा कंपनीकडे, क्लाउडमध्ये ठेवलेल्या गोष्टींची सुरक्षा ग्राहकाकडे. वाक्य सुटसुटीत आहे, पण एवढ्यावर काम भागत नाही. एकीची हद्द कुठे संपते आणि दुसरीची कुठे सुरू होते, हे घेतलेल्या सेवेप्रमाणे बदलत जाते.

ईसी-टू ही सेवा म्हणजे नुसता भाड्याचा सर्व्हर. तिथे इमारत, वीज, डिस्क, नेटवर्कच्या तारा आणि एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे सर्व्हर वेगळे ठेवणारा हायपरवायझर एवढे सगळे पुरवठादार सांभाळतो. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे पॅच, फायरवॉलचे नियम, ॲप्लिकेशन आणि लॉगिन ग्राहकाकडे येतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले, तेव्हा ही हद्द स्पष्ट दिसली. पुरवठादारांनी आपापले हायपरवायझर दुरुस्त केले, त्यामुळे शेजारच्या ग्राहकाला आपली मेमरी वाचता येण्याचा धोका टळला. पण आपल्याच सर्व्हरवरचा एक प्रोग्राम दुसऱ्याची मेमरी वाचू नये, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच ज्याचा त्याने बसवायचा होता. दोष एकच, दुरुस्त्या मात्र दोन, आणि दोन वेगळ्या हातांनी करायच्या.

ग्राहकाच्या हद्दीत चूक झाली की काय होते, ते कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात तपशिलाने पाहता येते. बँकेने ईसी-टूवर वेब ॲप्लिकेशन फायरवॉल चालवला होता. त्याची मांडणी सदोष असल्याने बाहेरून आलेली विनंती तो आतल्या पत्त्याकडे पोहोचवत असे. प्रत्येक ईसी-टू सर्व्हरला आतून `169.254.169.254` या पत्त्यावर स्वतःविषयीची माहिती मिळते. सर्व्हरला एखादा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, जोडलेला असेल तर त्याच्या तात्पुरत्या किल्ल्याही तिथेच मिळतात :

```
http://169.254.169.254/latest/meta-data/iam/security-credentials/
```

मार्च २०१९ मध्ये हल्लेखोराने फायरवॉलकडूनच ही विनंती करवून घेतली आणि किल्ल्या मिळवल्या. फायरवॉलला एस-थ्री या साठवणुकीतल्या फायली वाचण्याची गरज काय, हा खरा प्रश्न. पण त्याच्या रोलला बकेटची यादी पाहण्याची आणि आतला डेटा वाचण्याची परवानगी दिलेली होती. त्या जोरावर अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. डेटा एन्क्रिप्ट केलेला असूनही बँकेच्याच निवेदनानुसार या प्रवेशामुळे तो उलगडला गेला. परवानगी असलेला मागतो आहे असे यंत्रणेला दिसले की एन्क्रिप्शन आड येत नाही. बँकेला याचा पत्ता लागला तो जुलैत, तोही बाहेरच्या कोणी ईमेल केल्यावर.

२०२० मध्ये अमेरिकी बँक नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला. मात्र ऑक्टोबर २०१९ मध्येच वायडन आणि वॉरेन या दोन सिनेटरांनी ॲमेझॉनच्या चौकशीची मागणी केली होती. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर हाच पत्ता विनंतीसोबत ठराविक हेडर मागतो, आणि नुसत्या फसवून करवून घेतलेल्या विनंतीत तो सहसा घालता येत नाही. ॲमेझॉनकडे अशी अट नव्हती. हा आक्षेप नीट तपासून पाहावा असा आहे. परवानगी ढिली ठेवणे ही ग्राहकाची चूक खरी, पण त्या चुकीला किती महागात जाऊ द्यायचे, हे पुरवठादाराच्या रचनेवरही ठरते.

आरडीएससारख्या व्यवस्थापित डेटाबेसमध्ये हद्द एक पायरी वर सरकते. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ग्राहकाला शिरताच येत नाही. तिचे आणि डेटाबेस इंजिनाचे पॅच पुरवठादार बसवतो, आठवड्यातली वेळ तेवढी ग्राहक निवडतो. बॅकअपही आपोआप होतो, पण तो किती दिवस ठेवायचा हे ग्राहकच ठरवतो. मर्यादा ३५ दिवसांची, आणि तिथे शून्य लिहिले तर बॅकअप बंद. `Publicly accessible` चालू ठेवून फायरवॉलच्या नियमात `0.0.0.0/0` लिहिले, तर डेटाबेसचे दार साऱ्या इंटरनेटला उघडे होते. पुरवठादार त्याला अडवत नाही, कारण कोणाला आत घ्यायचे हा निर्णय त्याचा नव्हे. पॅचची कटकट गेली म्हणून सुरक्षेची काळजीही गेली असे मानणारे इथेच फसतात.

लॅम्डामध्ये ग्राहक फक्त आपला कोड देतो, सर्व्हर त्याला दिसतही नाही. तरी त्या कोडसोबत बांधलेल्या लायब्ररी त्याच्याच असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीतला गंभीर दोष उघड झाला. लॅम्डाच्या मूळ रनटाइममध्ये ती लायब्ररी नव्हतीच. ज्यांनी ती आपल्या कोडमध्ये घेतली होती, त्यांना नवी आवृत्ती घालून कोड पुन्हा चढवावा लागला.

तयार सॉफ्टवेअर सेवा म्हणून घेतले की ग्राहकाकडे फारच थोडे उरते : वापरकर्ते कोण, त्यांना काय दिसावे आणि आत कोणता डेटा ठेवायचा. पण हे उरलेले किती जड असू शकते, ते २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा-सेवेच्या ग्राहकांना कळले. सुमारे १६५ संस्थांना त्यांचा डेटा उघडा पडला असण्याची शक्यता कळवण्यात आली. तपास करणाऱ्या मँडियंटला स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा फोडल्याचा पुरावा मिळाला नाही. मालवेअरने इतरत्र चोरलेले पासवर्ड, काही तर २०२० पासूनचे, ग्राहकांनी बदललेच नव्हते, आणि फटका बसलेल्या खात्यांवर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली नव्हती. हल्लेखोरांनी खऱ्या पासवर्डने सरळ लॉगिन केले.

अशा घटनांनंतर कागदावरची वाटणी तशीच राहते, पण सेवेची मूळ सेटिंग बदलतात. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या आतल्या पत्त्याची दुसरी आवृत्ती आणली, जिथे आधी टोकन मिळवल्याशिवाय किल्ल्या मिळत नाहीत. एप्रिल २०२३ पासून नवी बकेट मुळातच सार्वजनिक प्रवेशाला बंद असते. स्नोफ्लेकनेही ऑक्टोबर २०२४ पासून नव्या खात्यांत माणसांच्या लॉगिनला दुसरी पडताळणी मुळातच लावली. पण असे बदल मुख्यतः नव्याने तयार होणाऱ्या गोष्टींना लागू होतात. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरवर टोकनची सक्ती ग्राहकालाच करावी लागते :

```
aws ec2 modify-instance-metadata-options \
  --instance-id <id> --http-tokens required
```

त्याआधी त्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर टोकन वापरते का, हे `MetadataNoToken` या मोजणीवरून पाहता येते. तिथे शून्याहून मोठा आकडा दिसत असेल, तर काहीतरी अजून जुन्याच पद्धतीने किल्ल्या मागत आहे, आणि ते शोधून बदलण्याआधी सक्ती केली तर ते बंद पडते.