मेडिक्लेमचे पैसे अडकलेत? आधी ‘क्वेरी’ आहे का विचारा

दवाखान्याचं बिल खिशातून भरलं, फाईल विमा कंपनीला पाठवली आणि महिना उलटला तरी पैसे नाहीत. आमच्या घरीही हेच झालं. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन, बिल ४८ हजार. फोन केला की एकच उत्तर, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ पाचव्या आठवड्यात मी प्रश्न बदलला, ‘मॅडम, आमच्या क्लेमवर काही क्वेरी आहे का?’ तेव्हा कळलं, इनडोअर केस पेपरची झेरॉक्स मागितली होती, पण मेसेज एजंटच्या नंबरवर गेलेला. तो कागद मिळेपर्यंत फाईल जागची हलत नाही.

कागद दिला की ईमेल कराच, फोनचा पुरावा आपल्या हातात राहत नाही. विषयात क्लेम नंबर टाका आणि एवढंच लिहा: ‘मागितलेले केस पेपर १२ तारखेला जमा केले, पोच जोडली आहे. आणखी कागद बाकी आहे का आणि निर्णय कधीपर्यंत होईल, कृपया लेखी कळवावे.’ रागाचा शब्द नको, कारण हाच ईमेल पुढं तक्रारीला जोडावा लागतो.

उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याचा पत्ता पॉलिसीच्या कागदांत असतो. तिथं १४ दिवसांत निकाल लागला नाही तर १५५२५५ वर किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. कंपनीनं लेखी तक्रारीला महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

आमचे पैसे ईमेलनंतर नवव्या दिवशी जमा झाले, हातमोजे वगैरेचे १,९०० कापून.